नमस्कार लवकर, मैत्री सावकाश

बागेतला चालण्याचा ट्रॅक ४०० मीटरचा आहे असं धरू. तुम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं चालता, समोरचे गृहस्थ उलट दिशेनं. दोघांचाही वेग ताशी ६ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. या हिशेबानं दर दोन मिनिटांनी तुम्ही समोरासमोर येता. अर्ध्या तासात पंधरा वेळा! पहिल्या वेळी हसून मान हलवली, ते ठीक झालं. दुसऱ्या वेळी काय करायचं? पुन्हा हसायचं, की मोबाइलकडे बघायचं, की अचानक गुलमोहराच्या शेंड्यात रस घ्यायचा?

रोज फिरणाऱ्यांना याचं उत्तर अनुभवानं सापडलेलं असतं. नमस्कार दिवसातून एकदाच, पहिल्या फेरीला. नंतरच्या फेऱ्यांत नजर भेटलीच तर नुसती पापणी हलली तरी पुरे, आणि न भेटली तरी कुणाचा अपमान होत नाही. शेवटच्या फेरीला किंवा फाटकापाशी ‘चला, येतो’ म्हटलं की दिवसाचं खातं पूर्ण. पंधरा वेळा नमस्कार करणारा माणूस प्रेमळ असेल, पण दुसऱ्या दिवशी लोक त्याच्याच दिशेनं चालायला लागतात. एकाच दिशेनं, एकाच वेगानं चालणारे दोघे कधीच समोरासमोर येत नाहीत!

रोज दिसणारी आणि तरीही न बोललेली अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली त्यांच्यावर लिहिलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी रेल्वे स्थानकांवर गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांचे फोटो काढले आणि नंतर त्याच लोकांना दाखवून विचारलं, यातल्या कुणाकुणाला ओळखता? बहुतेकांना रोज दिसणारे, पण कधीच न बोललेले चेहरे त्यात सापडले. मिलग्रॅमचं खरं निरीक्षण पुढचं आहे. न बोलता जितका काळ जातो, तितकं बोलणं अवघड होत जातं. वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला किती वाजले विचारण्यापेक्षा आपण अगदी अनोळखी माणसाला विचारतो. तेच दोघे दूरच्या गावी भेटले तर मात्र जुने स्नेही असल्यासारखे बोलू लागतात.

म्हणून नवीन बागेत, योगवर्गात किंवा जिममध्ये जायला लागल्यावर पहिला नमस्कार पहिल्या आठवडाभरात उरकून घ्यावा. सहा महिने गेले की तोच नमस्कार ‘आज अचानक काय झालं?’ असा वाटतो. वेळ निघून गेली असेल तर निमित्ताची वाट पाहावी. अवकाळी पावसात एका शेडखाली दहा माणसं अडकतात, दिवाळीच्या पहाटे सगळेच थोडे सैल असतात, ट्रॅकवर नवी माती पडते. अशा वेळी ‘इतके दिवस नुसतं बघतोय एकमेकांना’ हे वाक्य सहज निघतं आणि कुणालाच खटकत नाही.

नमस्कार करायची घाई असली तरी त्यापुढे जायची घाई नको. इथे माणूस कोणत्या क्षणी मोकळा आहे हे ओळखणं महत्त्वाचं. योगवर्गात शवासनाच्या आधी आणि शवासनात बोलायचं नसतं, हे सगळ्यांना कळतं. शवासन संपल्यानंतरची दोन-तीन मिनिटंही तशीच असतात हे मात्र अनेकांना कळत नाही. बोलायची खरी वेळ मॅट गुंडाळताना आणि चपला घालताना. पहिलं वाक्य हवं असेल तर ते वर्ग सुरू होण्याआधी तयारच असतं: ‘इथे रोज कुणी बसतं का?’ वर्गातल्या जागा ठरलेल्या असतात, भले त्यांवर नाव नसो. खिडकीजवळच्या जागेवर नकळत मॅट अंथरलेल्या नवख्याबद्दल जुनी मंडळी तोंडानं काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. विचारलं की जागाही कळते आणि ओळखही होते. जिममध्ये वजन हातात असलेल्या माणसाशी बोलू नये. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत ‘अजून किती सेट?’ किंवा ‘मध्ये मी एक मारू का?’ एवढंच. ‘पाठ वाकतेय तुमची’ हे सांगायचा अधिकार ट्रेनरचा. माणूस इजा करून घेईल असं दिसलं तर ट्रेनरलाच सांगावं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लातूरहून मुलाकडे पुण्यात राहायला आलेले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. घराजवळ महापालिकेची बाग आहे आणि तिथे पाच-सहा जणांचा एक जुना कट्टा आहे, फेऱ्या संपल्यावर बाकावर बसणारा. सरांना त्यात यायचंय. पहिले काही दिवस ते फक्त एकच करतात: रोज त्याच वेळी येतात. चेहरा ओळखीचा व्हायला नियमितपणाइतकं दुसरं काही उपयोगी नाही. मग मान हलवून नमस्कार. दुसऱ्या आठवड्यात बाकाजवळून जाताना एक प्रश्न: ‘ही बाग सकाळी किती वाजता बंद होते हो?’ हा प्रश्न चांगला, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. समोरच्याला बोलायचं नसेल तर ‘दहाला’ म्हणून सुटता येतं. बोलायचं असेल तर ‘तुम्ही नवीन दिसता’ म्हणून पुढे जाता येतं. निवड त्याची.

तिसऱ्या आठवड्यात सर बाकापाशी थांबतात, पण बसत नाहीत. उभ्याउभ्या दोन वाक्यं बोलतात आणि स्वतःहून आधी निघतात. हे आधी निघणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. जो माणूस आपण होऊन निघतो, त्याला पुढच्या वेळी लोक निर्धास्तपणे थांबवतात, कारण तो चिकटणार नाही हे कळलेलं असतं. मग एके दिवशी बाकावरचं कुणीतरी सरकून म्हणतं, ‘बसा की सर.’ त्यानंतर चहा. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पैसे सरांनी दिले तर ते उदारपणाचं दिसेल, पण मंडळींवर ओझं होईल. कट्ट्यांवर बहुधा पाळी असते. ती कशी चालते ते पाहावं आणि आपली पाळी आल्यावर द्यावं.

या सगळ्याला किती वेळ लागतो? जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं २०१८ साली याचा अंदाज मांडला: नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकमेकांसोबत घालवावे लागतात, जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक. परदेशातला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण मोजून पाहायला हरकत नाही. फाटकापाशी रोज पाच मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आठवड्याला अर्धा तास. पन्नास तासांना शंभर आठवडे, जवळजवळ दोन वर्षं. तेच चहाला रोज वीस मिनिटं बसलं तर पाच-सहा महिने. कट्टेकऱ्यांची मैत्री फेऱ्यांत जमत नाही, चहाच्या टपरीवर जमते, असं जुनी मंडळी म्हणतात ते उगीच नव्हे.

आगाऊपणा बहुतेक वेळा प्रश्नांत असतो आणि आपल्याकडचे काही प्रश्न सवयीनं तोंडात येतात. ‘आडनाव काय आपलं?’ हा त्यांतला पहिला. त्यामागे काय जाणून घ्यायचं असतं हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. ‘मिस्टर काय करतात?’ विचारलेल्या बाईंचे मिस्टर मागच्या वर्षी गेलेले असू शकतात. ‘बारीक झालात हो!’ ही शाबासकी आजारातून उठलेल्या माणसाला बोचते. यांतलं काहीही माणूस आपण होऊन सांगतो तेव्हा ऐकावं. दोन-चार दिवस न दिसलेल्या ओळखीच्या माणसाला ‘कुठे होतात?’ विचारलं की हिशेब मागितल्यासारखं होतं. ‘दिसला नाहीत, बरं आहे ना?’ म्हटलं की तो ‘हो, बरंय’ एवढ्यावर थांबू शकतो.

पहाटेच्या अंधारात एकट्या चालणाऱ्या बाईशी ओळख वाढवू पाहणाऱ्या पुरुषानं जास्त जपायला हवं. चालता चालता, न थांबता, अंतर ठेवून नमस्कार पुरे. तिच्याबरोबर चालता यावं म्हणून दिशा बदलू नये. ‘तुम्ही रोज सव्वासहाला येता ना?’ हे वाक्य म्हणणाऱ्याला कौतुकाचं वाटतं. ऐकणारीला मात्र एवढंच कळतं की आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे. उत्तरं आखूड होऊ लागली, इयरफोन कानात जाऊ लागले, येण्याची वेळ बदलली, की आपण मान हलवण्याच्या पायरीवर परत जावं. हे फक्त बायकांच्या बाबतीत नाही. आवर्जून एकटं चालायला येणारे पुरुषही असतात. फोन नंबरचंही तेच. कट्ट्याच्या ग्रुपमध्ये कुणाला घेण्याआधी त्याला विचारावं, कारण रोज सकाळी बागेत भेटणाऱ्या प्रत्येकाला फुलांच्या चित्रावरचं ‘शुभ सकाळ’ हवंच असतं असं नाही.

अबोल माणसांची सोय मात्र मुंबईतच झालेली आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला तिथे विनोद सांगत. काही दिवसांत विनोद संपले, आणि उरले ते काहींना झोंबू लागले. तेव्हा कटारियांनी विनोद बंद करून नुसतं हसण्याचेच व्यायाम बसवले. त्यांत नमस्कार करत हसणं आहे, हस्तांदोलन करत हसणं आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हसायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. कुणाशी कधी बोलावं, याचा विचारच करावा लागत नाही. अर्थात व्यायाम म्हणून भेटलेली नजर ही पुढच्या गप्पांची परवानगी नव्हे. ती वेगळी मिळवावी लागते.

इथवर सगळं नवख्याच्या बाजूनं झालं. बाकावर आधीपासून बसलेल्यांचं काम खरं तर सोपं आहे. ते पाच-सहा जण असतात, बाग त्यांच्या सवयीची असते, आणि त्यांचा नमस्कार कुणाला आगाऊपणाचा वाटण्याची शक्यता कमी. तेव्हा तुमच्या कट्ट्यासमोरून एखादा नवा चेहरा आठवडाभर एकटाच फेऱ्या मारताना दिसत असेल, तर पहिला नमस्कार तुम्हीच करा.