फवारणी का केली नाही, याची एक ओळ

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी कधी करायची, याचे दोन ठरलेले निकष आहेत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा फुलांत अथवा हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव दिसला, तर फवारणी. यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. त्याखाली औषधाचा खर्च वाचवणेच योग्य. मात्र पाहणीनंतर पंप बाहेर काढला नाही, तर त्या दिवसाची नोंदही बहुधा होत नाही. झालीच तर ‘कपाशी पाहिली, ठीक आहे’ एवढीच. सापळे पाहिले की बोंडे फोडली, हे त्यातून कळत नाही.

उपयोगी ओळ अशी असते: ‘१२ सप्टेंबर, खालचे वावर. २ सापळे, तीन रात्रींची सरासरी ३, ४, ३ पतंग. ल्युर १ सप्टेंबरला बदलली. २० झाडांवरची २० हिरवी बोंडे फोडली, १ किडके (५ टक्के). दोन्ही निकषांच्या खाली, म्हणून फवारणी नाही. पुढची पाहणी १६ तारखेला.’

यातला ‘फोडली’ हा शब्द गाळू नये. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. आत मात्र सालीच्या आतल्या बाजूला नागमोडी रेघ, बारीक फोड किंवा खुद्द अळी सापडते. नुसते पाहिलेले बोंड आणि फोडून पाहिलेले बोंड यांची नोंद म्हणूनच एकसारखी धरता येत नाही. ल्युरची तारीखही तशीच. गंध उडून गेलेल्या जुन्या ल्युरवर पतंग येत नाहीत, आणि वहीत पडलेले शून्य फसवे ठरते.

वीस बोंडांच्या नमुन्यात एका बोंडाने आकडा ५ टक्क्यांनी हलतो, हीसुद्धा या पाहणीची मर्यादा आहे. एक किडके सापडणे हा योगायोग असू शकतो. त्यामुळे १६ तारखेला पुन्हा २० बोंडे फोडली आणि ३ किडकी निघाली, तर १५ टक्के हा आकडा एकटा वाचला जात नाही. चार दिवसांपूर्वीचा ५ टक्के शेजारी असल्याने प्रादुर्भाव वाढतो आहे हे दिसते आणि फवारणीचा निर्णय लगेच घेता येतो. नुसते ‘ठीक आहे’ लिहिले असते, तर कीड नव्याने आली की आधीपासून होती, हे कोणालाच सांगता आले नसते.

कारण लिहिताना आणखी एक फरक जपावा लागतो. ‘पातळीखाली, म्हणून फवारणी नाही’ आणि ‘पातळी ओलांडली, पण पाऊस सुरू असल्याने फवारणी नाही’ या दोन्ही दिवशी शेतात काहीच झालेले नसते. पहिल्या ओळीनंतर पुढच्या पाहणीपर्यंत थांबता येते. दुसरीत काम बाकी असते, म्हणून तिच्यापुढे ‘उघडीप मिळताच फवारणी’ असे लिहून ठेवावे.