बोट नेमकं कुठे अडतं?

अ‍ॅप बनवणाऱ्यांना स्वतःचं अ‍ॅप कधीच अवघड वाटत नाही. कोणतं बटण कुठे आहे, ते त्यांना तोंडपाठ असतं. म्हणून ते बाहेरच्या माणसाच्या हातात फोन देतात, एखादं काम सांगतात आणि गप्प बसून बघतात. याला युजेबिलिटी टेस्ट म्हणतात. चाचणी अर्ध्या तासात उरकते, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. स्क्रीनचं रेकॉर्डिंग थांबवत, मागे नेत पाहायचं आणि माणूस कुठे घुटमळला, कुठे चुकीच्या जागी बोट लागलं, कुठे त्याने काम सोडलं, याची नोंद करायची.

रेकॉर्डिंग कामाचं व्हावं म्हणून आधी थोडी तयारी लागते. नुसत्या रेकॉर्डिंगमध्ये स्क्रीन बदलताना दिसते, बोट दिसत नाही. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘Show taps’ नावाची सोय आहे. ती चालू केली की बोट टेकेल तिथे छोटा ठिपका उमटतो. ती विसरली, तर बटणावर बोट पडूनही काही झालं नाही की बोट पडलंच नाही, हे नंतर कळत नाही. शिवाय माणसाला मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगतात आणि तो आवाजही टिपतात.

आता एक नमुना पाहू. अ‍ॅप खाजगी बसच्या तिकिटांचं. साठीच्या एका बाईंना सांगितलं: शनिवारी सकाळची पुणे–कोल्हापूर बस शोधा आणि खिडकीजवळची एक सीट घ्या. पैसे भरायच्या पानापर्यंत पोहोचलं की काम संपलं. पहिल्यांदा हे रेकॉर्डिंग न थांबवता, काहीही न लिहिता पाहायचं, म्हणजे या बाईंचा नेहमीचा वेग लक्षात येतो. त्या प्रत्येक पान सावकाश वाचतात. एखाद्या पानावर त्या चार सेकंद थांबल्या, तर ते वाचन आहे, घुटमळणं नव्हे. घुटमळण्याला सर्वांसाठी एकच सेकंदांचा आकडा चालत नाही. ज्याचं माप त्यालाच लावावं लागतं. गोल फिरणारं चिन्ह दिसत असेल, तर तो वेळ नेटवर्कचा, माणसाचा नव्हे.

दुसऱ्या फेरीत नोंदी सुरू होतात. २:१२ वाजता, म्हणजे रेकॉर्डिंगच्या घड्याळानुसार, सीटचा नकाशा उघडतो. २:२० ला ठिपका १३ आणि १४ या सीटच्या सीमेवर उमटतो आणि निवडली जाते १३. बाई म्हणतात, “अगं, ही नको, खिडकीची हवी.” दोन बोटांनी नकाशा मोठा करू पाहतात, तो होत नाही. शेवटी १४ मिळते. ३:०५ ला त्या ‘पुढे जा’ वर बोट ठेवतात. काहीच घडत नाही. लागोपाठ आणखी तीनदा दाबतात. मग अकरा सेकंद स्क्रीन स्तब्ध. ३:२४ ला मागे जातात आणि परत येतात, तर निवडलेली सीट पुसली गेलेली असते. पुन्हा सगळं तेच. ४:४० ला फोन ठेवत म्हणतात, “जाऊ दे, ऑफिसात जाऊनच काढते.”

नोंद कशी लिहायची, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. “बाईंना ‘पुढे जा’ बटण कळलं नाही” ही वाईट नोंद, कारण त्यात दिसलेलं आणि आपण लावलेला अर्थ यांची सरमिसळ आहे. चांगली नोंद अशी: “३:०५, सीटचं पान, ‘पुढे जा’ चारदा दाबलं, प्रतिसाद नाही, ११ सेकंद थांबल्या, मागे गेल्या.” कारणाचा रकाना वेगळा. तो भरायला व्हिडिओ सावकाश मागे न्यावा लागतो. तेव्हा दिसतं की पानाच्या तळाशी, नजरेच्या टप्प्याबाहेर, बस कुठून पकडणार ते निवडायचं होतं. ते निवडल्याशिवाय बटण चालत नव्हतं आणि तसं कुठेही लिहिलं नव्हतं.

चुकीचं बोट म्हणून सगळं एकाच खात्यात टाकलं, तर उपाय चुकतो. १४ ऐवजी १३ लागली, तिथे बाईंना काय हवं ते नीट ठाऊक होतं, फक्त चौकोन लहान होता. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी. इथे उपाय आकाराचा. याउलट, दुसऱ्या कुणी ‘वेळ बदला’ हेच तारीख बदलायचं बटण समजून ठामपणे दाबलं, तर तिथे चौकोन मोठा करून काहीच साधत नाही, शब्द बदलावे लागतात. तिसरा प्रकार बटण नसलेल्या चित्रावर किंवा न चालणाऱ्या बटणावर बोट मारण्याचा. एकाच जागी भराभर उमटणारे ठिपके ही त्याची खूण.

सर्वांत फसवी नोंद काम सोडल्याची. बाई ४:४० ला थांबल्या, पण वाट चुकली होती ३:०५ ला. नुसती शेवटची वेळ टिपली, तर दोष सीटच्या दुसऱ्या निवडीवर जातो. म्हणून प्रत्येक सोडलेल्या कामापासून उलटं मागे जायचं आणि पहिला अडथळा शोधायचा. याचाच जुळा भाऊ म्हणजे खोटं समाधान: माणूस “झालं!” म्हणतो आणि तिकीट मात्र निघालेलं नसतं. संचालकाने “काकू, जरा खाली बघा” असं सुचवल्यावर काम झालं असेल, तर तेही ‘मदतीने’ म्हणूनच लिहायचं.

एवढी काळजी घेऊनही एका माणसाची नजर पुरत नाही. १९९८ साली जेकबसन, हर्ट्झम आणि जॉन या संशोधकांनी चार चाचण्यांची तीच रेकॉर्डिंग चार परीक्षकांना दिली. चौघांनी मिळून ९३ वेगवेगळ्या अडचणी शोधल्या. त्यांतल्या चौघांनाही दिसलेल्या फक्त २० टक्के होत्या, तर ४६ टक्के अडचणी एकेकट्यालाच दिसल्या. व्हिडिओ तोच, पण कशाला अडचण म्हणायचं हा निवाडा प्रत्येकाचा वेगळा. म्हणून निदान दोघांनी एकमेकांच्या नोंदी न पाहता रेकॉर्डिंग पाहावं आणि मग एकत्र बसावं. जिथे नोंदी जुळत नाहीत, तिथे व्हिडिओचा तेवढाच तुकडा पुन्हा लावावा. दिसलेलं आणि लावलेला अर्थ वेगळे लिहिलेले असतील, तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

काही गोष्टी मात्र रेकॉर्डिंगमधून काढू नयेत. बोलत बोलत काम करणारा माणूस घरी करेल त्यापेक्षा सहसा हळू करतो. त्यामुळे “तिकिटाला पाच मिनिटं लागतात” असा निष्कर्ष चुकीचा. तसंच पाच जणांपैकी तिघे अडले, तर “पाचपैकी तीन” असंच लिहावं. “६० टक्के ग्राहक” म्हटलं की हजारोंना विचारल्याचा भास होतो. रेकॉर्डिंगमध्ये फोन नंबर, ओटीपी, आलेले मेसेजही दिसतात. ते झाकल्याशिवाय तुकडा कुणाला दाखवू नये.

या बाईंच्या रेकॉर्डिंगमधून अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे तीन गोष्टी जातात. सर्वांत वर, मागे गेलं की सीट पुसली जाते ती आणि बटण न चालण्याचं कारण न सांगणारं पान, कारण या दोहोंनी मिळून काम बुडवलं. त्याखाली सीटचे लहान चौकोन, कारण तिथे चूक झाली तरी बाईंनी ती स्वतःच सावरली. प्रत्येकीपुढे व्हिडिओतली वेळ लिहिलेली असते. “लोकांनाच नीट वापरता येत नाही” असं कुणी म्हटलं, तर ३:०५ पासूनची वीस सेकंदं लावून दाखवता येतात.