प्रेमाचा प्रश्न, पण कप एकही नाही

प्रेमाविषयी विचारून टॅरोची पानं मांडली आणि त्यांत कप्सचं एकही पान निघालं नाही, की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. थोडं टॅरो वाचलेल्याला एवढं ठाऊक असतं की कप्स म्हणजे पाणी, भावना, जिव्हाळा. मग कप्सच नाहीत, म्हणजे समोरच्याच्या मनात काही नाही, असा निष्कर्ष तो स्वतःच काढून मोकळा होतो.

आधी गठ्ठा पाहू. टॅरोची पानं 78. त्यांतली 22 ‘मेजर आर्काना’ची, म्हणजे लव्हर्स, एम्प्रेस, डेथ वगैरे. उरलेली 56 चार रंगांत विभागलेली, प्रत्येकात 14: वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स. आपल्या पत्त्यांत बदामचा जो मान, तोच इथे कप्सचा. आज सर्वाधिक चालणारा गठ्ठा 1909 साली लंडनमध्ये निघाला; कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची.

आता साधा हिशेब. 78 पानांत कप्स फक्त 14. नीट पिसून तीन पानं काढली, तर शंभरपैकी जवळजवळ 55 वेळा त्यांत कप येणारच नाही. पाच पानं काढली तरी 36 वेळा येणार नाही. म्हणजे तीन पानांच्या मांडणीत कप नसणं हीच नेहमीची गोष्ट आहे, आणि तिच्यावरून कुणाच्या मनाचा थांग लावणं हास्यास्पद आहे. दहा पानांच्या ‘केल्टिक क्रॉस’मध्ये मात्र असं शंभरात बाराएक वेळाच घडतं. तिथे जाणकार रीडर क्षणभर थांबतो. (जुन्या पद्धतीत विचारणाऱ्याच्या नावाने एक पान आधीच बाजूला काढून ठेवतात. ते क्वीन ऑफ कप्स असेल, तर एक कप टेबलावर आहेच, हेही कित्येकदा विसरलं जातं.)

थांबून तो काय पाहतो? कप्स नाहीत यापेक्षा त्यांच्या जागी कोण आलंय, हे. एक कल्पित मांडणी घेऊ. पाच पानांचीच घेतो, म्हणजे सोपं जाईल. प्रश्न असा: “हे नातं लग्नापर्यंत जाईल का?” विचारणारीच्या जागी टू ऑफ पेंटॅकल्स आलं, दोन नाणी झेलत तोल सांभाळणारा माणूस. त्याच्या जागी किंग ऑफ पेंटॅकल्स. दोघांना जोडणाऱ्या गोष्टीच्या जागी टेन ऑफ पेंटॅकल्स: म्हातारा, त्याची कुत्री, जोडपं, मूल, भरलेलं घर. अडथळ्याच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स: डोळ्यांवर पट्टी बांधून, छातीशी दोन तलवारी फुलीसारख्या धरून बसलेली बाई. आणि पुढची दिशा सिक्स ऑफ स्वोर्ड्स, नावेतून पैलतीराकडे निघालेली माणसं.

तीन पेंटॅकल्स, दोन स्वोर्ड्स. या मांडणीत प्रेम नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. तिचा रोख असा, की प्रश्न प्रेमाच्या नावाने विचारला असला तरी अडलंय ते घर, पैसा, दोन्हीकडची माणसं आणि टाळलेला निर्णय यांपाशी. टू ऑफ स्वोर्ड्समधल्या बाईच्या पाठीमागे समुद्र आहे. पाणी आहे, तिने त्याकडे पाठ केली आहे. असं चित्र समोर असताना ‘भावनाच नाहीत’ म्हणणारा रीडर पान बघतच नाही, फक्त रंग मोजतो.

वाँड्सच वाँड्स आले असते, तर बोलणं ओढीचं, उतावळेपणाचं, कधी चढाओढीचं झालं असतं. मेजरची पानं जास्त आली, तर त्यांच्यात आधी शोधावं. लव्हर्स हे कप्सचं पान नाही. टेम्परन्समधला देवदूत तर एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततोच आहे, तरी मोजदादीत तो कप धरला जात नाही.

आणि कप आले म्हणून हुरळून जाण्याचंही कारण नाही. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभा असतो. एट ऑफ कप्समध्ये आठ पेले रचलेले टाकून माणूस चालू लागतो. ही दोन्ही पानं आली असती, तर वरच्या मांडणीपेक्षा बातमी वाईट ठरली असती.

इथे घोटाळा हमखास एकाच जागी होतो. कप आला नाही म्हणून ‘खुलाशासाठी’ आणखी एक पान काढलं जातं, मग आणखी एक. अशी काढत राहिलं की कप येणारच, त्याला टॅरो लागत नाही. पण मग मूळ मांडणी वाचायची राहूनच जाते.

पत्ते पिसल्यावर कुठलं पान वर येईल, हे कुणाच्या हृदयावर ठरत नाही, हे माझं स्पष्ट मत. मांडणीचा उपयोग झालाच तर आपला प्रश्न नेमका कुठे अडलाय ते बोलतं करण्यापुरता. तेव्हा कप नाहीत म्हणून कुणी घाबरवलं आणि वर पैसे घेऊन तोडगा सुचवला, तर किती पानं मांडली होती तेवढं विचारा. तीन किंवा पाच असतील, तर सरळ उठा.