एकच औषध, दोन सुया

शिरूर तालुक्यातल्या एका वाडीवर, समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर बांधून, मी मागच्या हिवाळ्यात लसीकरणाची चित्रे दाखवली. नंतर तीच चित्रे घेऊन दौंडकडच्या एका वस्तीवर गेलो. जीवशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली, त्यामुळे बी पेशी, टी पेशी, प्रतिपिंडे हे शब्द माझ्या तोंडी बसलेले आहेत. पण दौंडच्या त्या वस्तीवर पुढच्याच ओळीत नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजीने मला पहिल्या पाच मिनिटांत थांबवले.

"मास्तर, ह्याला नवव्या महिन्यात गोवराची सुई दिली. आता दीड वर्षाचा झाला तर म्हनत्यात पुन्हा तीच द्या. पहिली लागू पडली नाही काय? आन् पडली असंल तर दुसरी कशापायी?"

प्रश्न अगदी नेमका होता. माझ्या चित्रांत त्याचे उत्तर होते, पण मी ज्या क्रमाने ती लावली होती त्या क्रमात ते दिसत नव्हते. म्हणून बाकीची चित्रे बाजूला ठेवली आणि तिच्या नातवाच्या दंडापासून सुरुवात केली.

गोवराच्या लसीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. उजव्या दंडावर कातडीखाली अर्धा मिलिलिटर लस जाते. तिथल्या पहारेकरी पेशी या विषाणूंना गिळतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. हाताला जखम झाली की काखेत अवधाण येते, ती हीच ग्रंथी. तिथे लाखो बी पेशी वाट पाहत असतात. प्रत्येकीच्या अंगावर वेगळ्या घडणीचा 'हात' असतो. कुणाचा हात कुठल्या जंतूला बसेल हे आधी ठरलेले नसते. मूल जन्मण्यापूर्वीच शरीराने नाना तऱ्हेचे हात घडवायला घेतलेले असतात. त्यांतल्या काही थोड्यांचेच हात गोवराच्या विषाणूवर नेमके बसतात.

पण हात बसला म्हणून बी पेशीला लगेच कामाला लागता येत नाही. ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सह्या लागतात, तसा हा कारभार आहे. बी पेशी विषाणूचा तुकडा आपल्या अंगावर मांडते. मदतनीस टी पेशी तो तपासते. पहारेकरी पेशींनी तिला तोच तुकडा आधी दाखवलेला असेल, तरच ती दुसरी सही करते. असा दुहेरी पहारा नसता, तर एखाद्या बी पेशीने आपल्याच शरीराविरुद्ध कारभार सुरू केला असता.

सही झाली की ती बी पेशी भराभर विभागू लागते. विभागताना तिच्या हाताच्या घडणीत बारीकसारीक बदल होतात. ज्या पेशींचा हात विषाणूवर अधिक घट्ट बसतो, त्यांना टी पेशी पुढे जाऊ देतात. बाकीच्या मरून जातात. ही निवड काही आठवडे चालते. त्यातून तयार झालेल्या काही पेशी प्रतिपिंडांचे कारखाने बनतात. प्रतिपिंड म्हणजे तोच हात, पेशीपासून सुटून रक्तात फिरणारा. तो विषाणूला चिकटून बसला की विषाणूला आपल्या पेशींना धरायला जागाच उरत नाही.

आईला यातले काय दिसते? लसीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांना ताप येतो, थोड्यांच्या अंगावर बारीक पुरळही उठते. दुबळा विषाणू वाढला आणि शरीराने त्याची दखल घेतली, त्याची ती खूण असते. ताप आला नाही म्हणून लस वाया गेली असे मात्र नाही. बहुतेक मुलांना तो येतच नाही.

टी पेशींचा आणखी एक गट असतो, मारेकऱ्यांचा. विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडाला तिथे पोहोचता येत नाही. मारेकरी टी पेशी अशी बाधित पेशीच नष्ट करतात. हे काम किती मोलाचे आहे ते काही दुर्दैवी मुलांमुळे कळले. ज्यांच्या शरीरात जन्मतः प्रतिपिंडे तयार होत नाहीत, अशी मुले गोवरातून सहसा बरी होतात. ज्यांच्या टी पेशी दुबळ्या असतात, त्यांना मात्र गोवर फार जड जातो.

"आन् लढाई संपली मंग?" आजींनी विचारले.

मग ज्वारीचा दाखला द्यावा लागला. खळ्यावरची सगळी ज्वारी कुणी खाऊन संपवत नाही. निवडक कणसांचे दाणे पुढच्या पेरणीसाठी कणगीत राखून ठेवतात. तसेच इथे होते. लढलेल्या बहुतेक पेशी मरतात, पण काही बी आणि टी पेशी 'स्मृतिपेशी' म्हणून उरतात. प्रतिपिंडांचे काही कारखाने हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षे थोडे थोडे उत्पादन करीत राहतात. खरा गोवर अंगावर आला की या राखीव बियाण्यातून पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर, आणि अधिक घट्ट बसणाऱ्या हातांचे पीक उभे राहते.

ही आठवण किती टिकते याचा जुना पुरावा फॅरो बेटांवरचा आहे. तिथे १७८१ साली गोवराची साथ आली आणि पुढची ६५ वर्षे ती फिरकली नाही. १८४६ साली ती परत आली, तेव्हा सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,०००च्या आसपास माणसे आजारी पडली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवून ठेवले की, १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांत त्यांच्या शरीराने विसरभोळेपणा केला नव्हता.

आता आजींचा प्रश्न अधिकच अवघड झाला. आठवण इतकी टिकते, तर दुसरी सुई कशाला?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मोजले गेले आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राचे ग्रामीण आरोग्याचे काम अनेक वर्षांपासून चालते. २००९ नंतर याच संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या गावांत गोवराच्या लसीची एक मोठी चाचणी केली. जागतिक आरोग्य संघटना तिच्यात सहभागी होती आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारे दोन हजार मुलांपैकी निम्म्यांना नेहमीची सुई दिली, निम्म्यांना तीच लस फवाऱ्याच्या रूपाने श्वासातून दिली. सुईवाचून लस देता आली, तर टोचायला तरबेज माणूस नको आणि वापरलेल्या सुयांचा धोकाही नको, हा हेतू होता. मोठ्या मुलांत मेक्सिकोमध्ये फवाऱ्याचा अनुभव चांगला आला होता.

लसीनंतर ९१व्या दिवशी रक्त तपासले. फवारा घेतलेल्या ७७५ मुलांपैकी ६६२ जणांत पुरेशी प्रतिपिंडे सापडली, म्हणजे शंभरात ८५. सुई घेतलेल्या ७८५ पैकी ७४३ जणांत सापडली, म्हणजे शंभरात जवळजवळ ९५. फवारा सुईपेक्षा शंभरात पाचापेक्षा जास्त मागे पडू नये, अशी अट आधीच घातलेली होती. तो नऊने मागे पडला. इतक्या लहान बाळाचा श्वास तो केवढा! त्यातून लसीचा पुरेसा अंश आत जात नसावा, हे त्याचे एक संभाव्य कारण.

पण आजींसाठी महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. सुई घेतलेल्या ७८५ मधून ७४३ वजा करा. ४२ उरतात. ही मुले चाचणीतली होती, लस नीट जपलेली होती, टोचणारे हात तरबेज होते. तरीही ४२ जणांत प्रतिपिंडे दिसली नाहीत.

याचे एक मोठे कारण म्हणजे आईची माया. गर्भात असताना आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. ती हळूहळू ओसरतात, पण प्रत्येक बाळात सारख्या वेगाने नाही. नवव्या महिन्यात एखाद्याच्या रक्तात ती थोडी शिल्लक असली, तर लसीतल्या दुबळ्या विषाणूलाच ती धरून बसतात. विषाणू वाढत नाही, मग बाळाच्या बी पेशींना शिकायला काही मिळत नाही. अधिक थांबावे, तर आपल्याकडे गोवर लहान वयातच गाठतो. म्हणून पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. दुसऱ्या वेळेपर्यंत आईची प्रतिपिंडे गेलेली असतात आणि पहिल्या वेळी राहून गेलेली जवळजवळ सगळी मुले शिकतात.

तेव्हा दुसरी सुई मुख्यतः विसरलेल्यांना आठवण करून देण्यासाठी नसते. जे पहिल्या वेळी शिकलेच नाहीत त्यांच्यासाठी असते. आणि ती मुले कोणती, हे बाहेरून बघून ओळखता येत नाही. घरोघर रक्त तपासत फिरण्यापेक्षा सगळ्यांनाच आणखी एक सुई देणे सोपे आणि निर्धोक. शिवाय रक्ताची ती तपासणी फक्त प्रतिपिंडे मोजते, टी पेशींची आठवण तिच्यात दिसत नाही.

शंभरात पाच हा आकडा लहान वाटतो. पण ज्या गावात वर्षाला शंभर मुले जन्मतात, तिथे सगळ्यांना एकेक सुई दिली तरी पाच वर्षांत पंचवीस मुले उघडी राहतात. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. तो पसरू नये म्हणून शंभरातली सुमारे ९५ मुले सुरक्षित असावी लागतात, आणि एका सुईने तो काठ जेमतेम गाठला जातो.

लस उन्हात बिघडली असेल, तर दोन सुयाही व्यर्थ. त्याचीही खूण आहे. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. दोन्ही सारखे गडद झाले की ती वापरायची नाही. द्रव मिसळलेली कुपी चार तासांनंतर टाकून द्यायची असते.

मी सांगायचे थांबलो, तेव्हा मागे दाराशी उभी असलेली एक तरुण बाई पुढे आली. ऊसतोडीला बीडकडून आलेली. मुलगी दोन वर्षांची. पहिली सुई गावाकडे झालेली, दुसरीच्या वेळी हंगाम लागला आणि कुटुंब इकडे फडावर आले. "आता वेळ निघून गेली का?" तिने विचारले.

निघून गेलेली नव्हती. राहिलेली सुई पाच वर्षांपर्यंत देता येते, आणि ती आपल्याच गावच्या केंद्रात घ्यावी असेही नाही. आशाताईंनी कार्ड मागितले. बाईने ते पिशवीतून काढले, प्लॅस्टिकच्या कागदात घडी करून जपलेले. दुसऱ्या डोसाची चौकट कोरी होती. आजींनी नातवाला दुसऱ्या मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "गुरवारी दोघांना बरोबरच नेऊ."