लघवीची कॅप्सूल आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन

सत्तरीतले एक गृहस्थ मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणीला जातात. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं विचारलं जातं. रात्री जेवणानंतर ते एक कॅप्सूल घेतात, ती मात्र सांगायची राहते. लघवीच्या औषधाचा डोळ्याशी काय संबंध, असं त्यांना वाटतं. पण त्या कॅप्सूलमध्ये टॅम्सुलोसिन असेल, तर संबंध थेट आहे.

वय वाढतं तशी प्रोस्टेट ग्रंथी फुगते आणि मूत्रमार्ग दाबला जातो. टॅम्सुलोसिन ती ग्रंथी लहान करत नाही. प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू ते सैल करतं, म्हणून काही दिवसांतच धार सुधारते. हे स्नायू आवळून धरणारे अल्फा-१ नावाचे रिसेप्टर ते अडवतं. अडचण अशी, की हे रिसेप्टर रक्तवाहिन्यांत आणि डोळ्यातही असतात.

रक्तवाहिन्या सैलावल्या की उभं राहताना रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. नेहमीची मात्रा ०.४ मिलिग्रॅमची. उपाशीपोटी घेतल्यास औषध रक्तात जास्त चढतं, म्हणून ती रोज ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते. कॅप्सूल चावायची किंवा फोडायची नाही. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर रात्रीची वेळ देतात, म्हणजे औषधाचा जोर झोपेत निघून जातो. मात्र या रुग्णांना रात्रीच लघवीला उठावं लागतं, आणि पडून मांडीचं हाड मोडण्याची भीती तिथेच असते. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, दिवा लावावा, पुरुषांनीही लघवी बसून करावी. सुरुवातीचे दिवस, बीपीच्या गोळ्यांची जोड किंवा मध्ये खंड पडून पुन्हा सुरू केलेलं औषध, या वेळी जास्त जपावं.

आता डोळा. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा म्हणजे आयरिस. बाहुली मोठी करणारा त्याचा स्नायू याच रिसेप्टरवर चालतो. मोतीबिंदू काढताना बाहुली रुंद लागते. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांत ती मध्येच आकसू शकते, आयरिस ओल्या कापडासारखी फडफडते आणि चिरेतून बाहेर येऊ पाहते. डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये या प्रकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. सर्जन बेसावध असेल, तर आयरिसला इजा होते, भिंगामागचं नाजूक आवरण फाटू शकतं.

आधी कळलं असेल, तर सर्जन तयारीने उतरतो: डोळ्यात फेनिलेफ्रिन सोडतो, बाहुली उघडी ठेवणारी रिंग किंवा बारीक हुक हाताशी ठेवतो. मग ऑपरेशन बहुधा सुरळीत होतं.

आठवडाभर आधी कॅप्सूल बंद केली की झालं, असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. औषध सोडून वर्षं उलटल्यावरही हा त्रास दिसलेला आहे, आणि परस्पर बंद केल्यास लघवी तुंबण्याचा धोका वेगळाच. त्यामुळे पूर्वी कधी घेतलं असेल, तरी सांगावं. मूतखड्यासाठी हेच औषध बायकांनाही देतात, त्यांनीही सांगावं. जुन्या चिठ्ठ्या आणि कॅप्सूलचं पाकीट सोबत न्यावं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असताना कुणी हे औषध नव्याने लिहून दिलं, तर ऑपरेशननंतर सुरू करता येईल का, असं त्यांना तिथेच विचारावं.