एक टन वाफ कितीला पडते?

इचलकरंजीत सुतावर खळ चढवणारे सायझिंगचे कारखाने आहेत. खळ शिजवायला वाफ लागते आणि खळ चढलेलं सूत ज्या सिलिंडरांवरून फिरून वाळतं, ते तापवायलाही वाफच लागते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक शेडच्या मागे एक बॉयलर असतो. त्यात काय जाळायचं हा मालकापुढचा नेहमीचा प्रश्न. दगडी कोळसा सात-साडेसात रुपये किलो, पांढरा कोळसा, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या, त्याच भावाच्या आसपास. फर्नेस ऑइल पन्नास रुपये किलो आणि पाइपातून येणारा गॅस अठ्ठेचाळीस रुपये घनमीटर. हे भाव मी हिशेबासाठी धरले आहेत. ते महिन्यागणिक हलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

किलो आणि घनमीटर यांची तुलना करून हाती काही लागत नाही. मालकाला हवी असते उष्णता, आणि उष्णता मोजतात किलोकॅलरीत. लहान बॉयलरमध्ये सात-आठ किलो दाबाची एक टन वाफ तयार करायला, आत जाणारं पाणी साठ अंशांवर असेल तर, साधारण सहा लाख किलोकॅलरी लागतात. तेव्हा विचारायचं एवढंच: या सहा लाखांसाठी कोणत्या इंधनाला किती रुपये मोजावे लागतात?

आधी कागदावरचा हिशेब. बरा देशी कोळसा कारखान्यात पोचतो त्या अवस्थेत किलोमागे ४,२०० किलोकॅलरी देतो असं धरू. म्हणजे हजार किलोकॅलरीला १ रुपया ७९ पैसे. पांढऱ्या कोळशाचे ३,८०० धरले, तर १ रुपया ९७ पैसे. फर्नेस ऑइलचे १०,२०० म्हणजे ४ रुपये ९० पैसे. गॅसचे घनमीटरला ९,३०० म्हणजे ५ रुपये १६ पैसे. बरेच जण इथेच थांबतात. पण इंधनातली सगळी उष्णता पाण्यात उतरत नाही. काही धुराड्यातून जाते, काही राखेत न जळलेल्या कोळशाच्या रूपाने, तर काही भट्टीच्या भिंतीतून. हाताने कोळसा टाकायच्या लहान बॉयलरमध्ये शंभरातले पासष्ट भाग वाफेत उतरले तर काम चांगलं चाललंय म्हणायचं. पांढऱ्या कोळशाचंही तेच. तेलाच्या बॉयलरमध्ये चौऱ्याऐंशी उतरतात, गॅसच्या बॉयलरमध्ये ब्याऐंशी.

गॅस इतका स्वच्छ जळतो, तरी तो तेलाच्या मागे का? गॅसमध्ये हायड्रोजन जास्त असतो. तो जळला की पाणी बनतं आणि त्या पाण्याची वाफ धुराड्यातून निघून जाताना इंधनातली दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता घेऊन जाते. बर्नर विकणारे बहुतेक ब्याण्णव टक्के कार्यक्षमता सांगतात. ती खोटी नसते, पण ही निघून गेलेली वाफ वजा करून उरलेल्या, म्हणजे निव्वळ, उष्मांकावर मोजलेली असते. गॅसचं बिल मात्र एकूण उष्मांकावर येतं. बिल एका मापाने आणि कार्यक्षमता दुसऱ्या मापाने धरली, की गॅस आहे त्यापेक्षा दहा टक्के स्वस्त दिसू लागतो.

आता वाफेकडे येऊ. एक टन वाफेला कोळसा लागतो २२० किलो, म्हणजे १,६५० रुपये. पांढरा कोळसा २४३ किलो, सुमारे १,८२५ रुपये. फर्नेस ऑइल ७० किलो, ३,५०० रुपये. गॅस ७९ घनमीटर, सुमारे ३,७८० रुपये. गॅसची वाफ कोळशाच्या सव्वादोन पट महाग पडली. अजून इतर खर्च धरायचे आहेत, पण त्याआधी करांचं पाहू. कोळसा, तेल आणि पांढरा कोळसा यांच्यावर जीएसटी आहे. कोळशावर तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाचावरून अठरा टक्क्यांवर गेला आणि टनामागचा चारशे रुपयांचा उपकर गेला. ज्याच्या मालावर जीएसटी लागतो त्याला इंधनावरच्या कराची वजावट मिळते, म्हणून त्याने कर काढून भाव धरावा. गॅस जीएसटीबाहेर आहे, त्यावर व्हॅट लागतो आणि त्याची वजावट जीएसटीत मिळत नाही. महाराष्ट्राने हा व्हॅट एप्रिल २०२२ मध्ये साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा हा तोटा बराच कमी झाला.

आता पांढऱ्या कोळशाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे नकळत वाया जातो. त्याच्या किमतीत खरी लबाडी पाण्याची. पूर्ण वाळलेल्या कांडीचा उष्मांक ४,२०० धरू. ओलावा दहा टक्के असेल तर किलोत ३,७८० उरतात. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या मालात ओलावा वीस टक्क्यांवर गेला की ते ३,३६० होतात. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ते पाणी भट्टीत उकळून धुराड्यातून बाहेर जाताना आणखी उष्णता खातं, ज्वाला थंड पडते आणि काडी अर्धवट जळते. कार्यक्षमता पासष्टवरून एकसष्टवर आली, तर एक टन वाफेला २४४ किलोंऐवजी २९३ किलो माल लागतो. भाव साडेसातच आहे, वजनकाट्यावर ट्रक भरलेला आहे, चलनावर काहीच बदललेलं नाही, आणि वाफ मात्र १,८३० रुपयांवरून २,२०० रुपयांवर गेली.

हे ओळखायचं कसं? कांडी कोरडी असेल तर मोडताना ती टणकपणे तुटते. ओल धरलेली कांडी हातात फुगलेली लागते आणि बोटांनी भुगा होते. भट्टीत पांढरट दाट धूर येतो, दाब धरायला वेळ लागतो आणि फायरमन सतत माल टाकत राहतो. पण पैशांचा व्यवहार हाताच्या अंदाजावर करू नये. ट्रकच्या वरच्या थरातला नाही, तर मधला आणि तळचा माल घेऊन त्यातला एक किलो मोजावा. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत तो वाळवला की घटलेलं वजन म्हणजे ओलावा. मग तोच नमुना जाळून राख तोलावी. राख दहा टक्क्यांच्या फार वर गेली तर मालात माती आली आहे असं समजावं. जाळीवर काचेसारखे कडक गोळे जमू लागले तर राख वितळते आहे. काही पिकांच्या काडीत पोटॅश भरपूर असतं, त्यामुळे तिची राख कमी तापमानाला वितळते, हवा अडते आणि जाळी खरवडायला भट्टी थांबवावी लागते.

दगडी कोळशातही हाच डाव असतो, फक्त तो प्रयोगशाळेच्या कागदावर असतो. आयात कोळशाच्या दाखल्यात ५,५०० लिहिलेलं असतं, पण ते हवेत वाळवलेल्या नमुन्याचं. त्या नमुन्यात बारा टक्के ओलावा होता आणि ट्रकमधल्या कोळशात पंचवीस टक्के आहे असं धरलं, तर ट्रकमधल्या किलोत प्रत्यक्षात सुमारे ४,६९० किलोकॅलरी आहेत. हा पंधरा टक्क्यांचा फरक. म्हणून दाखला कोणत्या अवस्थेतल्या मालाचा आहे हे आधी विचारावं.

आता बाकीचे खर्च. दिवसा आठ तास चालणाऱ्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. कोळशाची भट्टी सकाळी तापवण्यातच तीनशे किलो कोळसा जातो, म्हणजे २,२५० रुपये. कोळसा ओढायला आणि राख काढायला दोन माणसं, प्रत्येकी सहाशे धरले तर १,२०० रुपये. हवा फुंकणारे आणि धूर ओढणारे पंखे, धूळ गाळणारी यंत्रणा यांची वीज गॅसपेक्षा १५ किलोवॅटने जास्त. आठ तासांची १२० युनिट, नऊ रुपयांनी १,०८० रुपये. हे सारे मिळून रोजचे ४,५३० रुपये झाले. शिवाय टनभर वाफेमागे पाऊण क्विंटलच्या वर राख, तिच्या विल्हेवाटीला चाळीस रुपये धरू.

कारखान्याला दिवसाला आठ टन वाफ लागत असेल, तर हा रोजचा बोजा टनामागे ५६६ रुपये पडतो आणि कोळशाची वाफ सुमारे २,२५० रुपयांना जाते. गॅस अजूनही दीडपटीहून महाग आहे. तीन पाळ्या चालणाऱ्या सायझिंगवाल्याला तर भट्टी रोज तापवावीच लागत नाही, त्याला कोळसा किंवा पांढरा कोळसा सोडणं परवडणार नाही. पण शेजारच्या गाळ्यात कपडे धुणारा किंवा फराळाचे पदार्थ करणारा एखादा छोटा उद्योग आहे, त्याला दिवसभरात तुटक तुटक मिळून फक्त दोन टन वाफ लागते. तोच बोजा दोन टनांवर विभागला की टनामागे २,२६५ रुपये होतात आणि कोळशाची वाफ ३,९५५ रुपयांवर जाते, गॅसच्या वर. या भावांना दोन्हीची बरोबरी दिवसाला सव्वादोन टनांच्या जवळ होते. त्याखाली वाफ लागणाऱ्याने गॅस घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वीस मिनिटांत दाब येतो आणि काम नसताना बर्नर बंद राहतो.

फर्नेस ऑइलची बाजू मला कमकुवत वाटते. इंधनाच्या खर्चात ते गॅसच्या थोडं खाली दिसतं, पण पंप करण्याआधी ते गरम करावं लागतं आणि बर्नरच्या तोंडाशी शंभर अंशांच्या वर न्यावं लागतं, तरच नीट फवारतं. त्यातलं गंधक जळून आम्ल बनतं, म्हणून धूर फार थंड करून उरलेली उष्णता वसूल करता येत नाही, नाहीतर लोखंड खाल्लं जातं. त्यातच व्यापारी लिटरवर भाव सांगतात. लिटर सुमारे ०.९५ किलो भरतं, म्हणून साडेसत्तेचाळीस रुपये लिटर आणि पन्नास रुपये किलो हा एकच भाव.

हे आकडे आपल्या बॉयलरला लागू आहेत का, हे एका पाळीत कळतं. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर मीटर बसवायचा, ब्लोडाउनमध्ये सोडलेलं पाणी वजा करायचं आणि टाकलेलं इंधन तोलायचं. किलोभर कोळशामागे साडेचार किलो वाफ निघाली, पांढऱ्या कोळशामागे चारच्या वर, तेलामागे चौदा आणि घनमीटर गॅसमागे साडेबारा, तर वरचा हिशेब तुमचा आहे. कोळशाची साडेतीनवर आली असेल, तर इंधन बदलण्याआधी भट्टी पाहावी. सिलिंडरांतून परत येणारं गरम पाणी गटारात जात असेल तर तेही थांबवावं. आत जाणारं पाणी सहा अंशांनी गरम झालं की एक टक्का इंधन वाचतं.

पांढऱ्या कोळशाचा करार करताना, डेअरीत दूध फॅटवर घेतात तसा माल ओलाव्यावर घ्यावा. दहा टक्क्यांपर्यंत ठरलेला भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला वजनात दीड टक्का कपात, आणि अठराच्या वर ट्रक परत. दीड टक्का यासाठी की पाण्याने व्यापलेली जागा आणि ते उकळण्यात गेलेली उष्णता, असे दोन्ही तोटे त्यात बहुतांश भरून निघतात. वीस टक्के ओलाव्याच्या मालावर वरच्या हिशेबात वाफ वीस टक्क्यांनी महागली होती, आणि असा ट्रक परत न पाठवता घेतलाच, तर ही कपात त्यातला बहुतांश तोटा विक्रेत्याकडे परत पाठवते.