नारळ फोडून गेलेला पाठीराखा

नव्या कामाच्या उद्घाटनाचा कोणताही फोटो पाहावा. मधोमध नारळ फोडणारे एक गृहस्थ असतात आणि कडेला, अर्धा चेहरा झाकलेला, ज्याला पुढे वर्षभर राबायचे आहे तो असतो. कडेच्याला प्रकल्प व्यवस्थापक म्हणतात. मधल्या गृहस्थांना व्यवस्थापनाच्या भाषेत ‘स्पॉन्सर’ असे नाव आहे. मराठीत प्रायोजक म्हणावे तर टीव्हीवरचा साबण आठवतो. म्हणून आपण त्यांना पाठीराखा म्हणू. काम पार पाडणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य. पण ज्या गोष्टी ठरवण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नाही, त्या वेळेवर ठरवून देणे हे पाठीराख्याचे. पैसा, दोन खात्यांमधला तंटा, आणि काम मुळात कशासाठी चालले आहे याचे उत्तर, या तीन गोष्टी त्याच्याकडेच राहतात.

चांगला पाठीराखा नेमके काय करतो, हे पाहायला कोकण रेल्वेसारखे उदाहरण नाही. डिसेंबर 1989 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. या रेल्वेची मागणी तेव्हा जुनी झाली होती. दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून थेंबथेंब पैसा येत राहिला असता तर आणखी एक पिढी वाट पाहत बसली असती. फर्नांडिसांनी या कामासाठी स्वतंत्र महामंडळच काढले. जुलै 1990 मध्ये त्याची नोंदणी झाली. भांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी 6. उरलेला मोठा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा होता. अर्थखाते त्या वेळी मधु दंडवते यांच्याकडे होते, म्हणजे कोकणच्याच खासदाराकडे. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांना प्रमुखपदी आणले गेले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नोव्हेंबर 1990 मध्ये सरकार पडले आणि फर्नांडिसांचे मंत्रिपद गेले. महामंडळ तेव्हा जेमतेम चार महिन्यांचे होते. त्यानंतर मंत्री बदलत राहिले, तरी जानेवारी 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. भाषणे त्यांनी कमी केली असतील असे नाही. पण त्या अकरा महिन्यांत त्यांनी कंपनी, भांडवलाची वाटणी आणि अधिकार असलेला माणूस अशी व्यवस्था करून ठेवली. त्यामुळे पाठीराखा गेला तरी रोजचे निर्णय अडले नाहीत.

तरीही एक निर्णय अडलाच. गोव्यातून मार्ग किनाऱ्याकडच्या वस्तीतून न्यावा की आत डोंगराच्या बाजूने, यावरून आंदोलन पेटले. 1993 मध्ये तिथल्या वादग्रस्त टप्प्यातले काम थांबले आणि केंद्राने चौकशी आयोग नेमला. हा प्रश्न अभियंत्याच्या कुवतीचा नव्हताच, तो सत्तेचा होता. असा प्रश्न व्यवस्थापकाने स्वतःच्या हुशारीवर सोडवायचा नसतो.

आता आपल्या रोजच्या पातळीवर येऊ. समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने भांडार आणि खरेदी या दोन्ही खात्यांसाठी एकच संगणक व्यवस्था बसवायला घेतली आहे. साठ लाखांचे काम, मुदत आठ महिने. पाठीराखे आहेत कारखान्याचे एक संचालक. पहिल्या बैठकीला ते आले, चहा घेतला आणि ‘काही लागले तर सांगा’ म्हणून गेले. तिसऱ्या महिन्यात कळते की 6204 नंबरचे बेअरिंग भांडारात एका संकेतांकाखाली आहे आणि खरेदी खात्यात बनवणाऱ्या कंपनीनुसार तीन. नवी व्यवस्था एकच मानणार. कोणाचा मानायचा? दोन्ही खातेप्रमुख व्यवस्थापकाहून ज्येष्ठ आहेत आणि दोघेही त्याला उत्तर द्यायला बांधलेले नाहीत.

पाठीराखा हरवल्याची खूण इथे दिसते. बैठकीला त्यांचा प्रतिनिधी येतो आणि प्रत्येक प्रश्नावर ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणतो. व्यवस्थापकाने एक साधी वही ठेवावी. निर्णय कधी मागितला, कधी मिळाला, एवढ्या दोनच तारखा तिच्यात लिहाव्यात. पहिल्या महिन्यात चार दिवसांत मिळणारे उत्तर तिसऱ्या महिन्यात तीन आठवडे घेऊ लागले, की प्रकल्प कागदावर वेळेत असला तरी आतून मागे पडलेला असतो.

तक्रार करण्याआधी गैरहजेरीचे कारण शोधावे, कारण उपाय त्यावर ठरतो. साहेबांना खरोखर वेळ नसेल तर त्यांच्याकडून लेखी अधिकारपत्र घ्यावे: अमुक रकमेपर्यंतचे आणि अमुक प्रकारचे निर्णय अमुक अधिकारी घेतील. नुसता प्रतिनिधी पाठवणे म्हणजे अधिकार देणे नव्हे. प्रकल्प त्यांना आधीच्या संचालकांकडून वारशाने मिळाला असेल, तर त्यांना त्यात स्वतःचा लाभ दिसत नसतो. पडून राहिलेल्या मालात त्यांचा किती पैसा अडकला आहे, हे त्यांच्याच आकड्यांतून दाखवावे. सर्वांत अवघड प्रकार तिसरा. साहेबांना दोन खातेप्रमुखांपैकी कोणालाच दुखवायचे नसते. तिथे कितीही आठवणपत्रे पाठवली तरी उपयोग होत नाही. दोघांशी वेगवेगळे बसून जमेल तेवढे जमवावे आणि साहेबांकडे फक्त सहीसाठी जावे.

हे न जमल्यास एका पानाची टिपणी लिहावी. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: भांडाराचे संकेतांक ठेवले तर खरेदीच्या जुन्या नोंदी बदलायला दोन आठवडे लागतील, खरेदीचे ठेवले तर भांडारातली प्रत्येक मांडणी पुन्हा मोजावी लागेल, म्हणजे पाच आठवडे. माझी शिफारस पहिल्याची. संगणक कंपनीची चार माणसे बसून आहेत, महिन्याला तीन लाख. म्हणजे उशिराचा प्रत्येक आठवडा पाऊण लाखाचा. उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत हवे. वाट पाहताना मी संकेतांकाशी संबंध नसलेले पुरवठादारांच्या यादीचे काम पुढे नेतो.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावे. ‘उत्तर आले नाही तर भांडाराचे संकेतांक धरून चालतो’ असे त्यात लिहिलेले नाही. अशी मुदतबंद गृहीत संमती अनेक व्यवस्थापक वापरतात आणि स्वतःच्या अधिकारातल्या बाबींपुरती ती चांगलीही आहे. पडद्यावरची मांडणी किंवा प्रशिक्षणाचा क्रम अशा ठिकाणी ती खुशाल वापरावी. पण दुसऱ्या खात्याला वाकवणारा किंवा मंजूर रकमेबाहेरचा निर्णय मौनातून काढला, तर बिनसल्यावर तो व्यवस्थापकाच्याच गळ्यात येतो. साहेब तेव्हा म्हणतात, ‘मी कुठे हो म्हटले?’ आणि ते खरेच असते.

साहेबांना डावलून थेट वर जाणे हा शेवटचा मार्ग. तोही त्यांना आधी सांगूनच घ्यावा. त्याआधी आणखी एक पायरी आहे, आणि ती फार थोडे व्यवस्थापक चढतात. दोन मुदती टळल्या की प्रकल्प पुढे रेटण्याऐवजी तो तात्पुरता थांबवण्याचा प्रस्ताव लेखी द्यायचा: संगणक कंपनीची माणसे अमुक तारखेपासून परत पाठवतो, आतापर्यंत खर्च एवढा, पुन्हा सुरू करायला एवढा लागेल. त्या पत्राखालीही साहेबांचीच सही लागते, आणि काम थांबवण्यावर सही करायला बहुतेक साहेबांचा हात धजत नाही. मग बऱ्याचदा त्याच आठवड्यात बैठकीची वेळ मिळते. नाही मिळाली, तर माणसे खरोखर परत पाठवावी लागतात.